खडबडीत वळणावरून स्प्रिंगपर्यंत: घर्षणाचे काम नेमके किती धरायचे?

प्रश्न: नमस्कार सर. मी साताऱ्यात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी प्लायवूडची पाव वर्तुळाची घसरण केली आहे, त्रिज्या ८० सेंमी, वरून सनमायका. पुढे १ मीटर सपाट सनमायका, मग स्प्रिंग. ठोकळा २ किलोचा. घर्षण गुणांक मोजला, ०.२ आला. स्प्रिंगचा स्थिरांक ४०० न्यूटन प्रति मीटर. वळणावरच्या घर्षणाचे काम μmgR धरले तर स्प्रिंग १९.८ सेंमी दबायला हवी. प्रत्यक्षात १३ ते १३.५ सेंमीच दबते. स्प्रिंग खराब आहे, की घर्षण असताना कार्य-ऊर्जा प्रमेय चालत नाही?

उत्तर:

स्प्रिंग बदलायच्या भानगडीत पडू नका, ती चांगली आहे. प्रमेयही चांगले आहे. घर्षण असताना चालत नाही ते यांत्रिक ऊर्जेच्या अक्षय्यतेचे सूत्र. कार्य-ऊर्जा प्रमेय एवढेच म्हणते की ठोकळ्यावरच्या सगळ्या बलांनी केलेल्या कामाची बेरीज म्हणजे त्याच्या गतिज ऊर्जेतला बदल. त्या बेरजेत घर्षणाला पूर्ण जागा आहे, फक्त त्याचे काम बरोबर मोजायला हवे. तुमचे मोजण्यात चुकले आहे, आणि ते एकाच पदात: μmgR.

हे पद तुम्ही हवेतून आणलेले नाही. सरळ उतारावर ते अगदी खरे असते. उतार कितीही अंशांचा असू द्या, लंब प्रतिक्रिया mg cosα असते, उताराची लांबी गुणिले cosα म्हणजे जमिनीवर धरलेले आडवे अंतर, आणि म्हणून घर्षणाचे काम येते μmg गुणिले आडवे अंतर. वेगवेगळ्या कोनांचे चार उतार एकापुढे एक जोडले तरी आडवी अंतरे मिळवली की झाले, असे वाटते. मग कोणीही म्हणेल की वळण म्हणजे असंख्य छोटे सरळ उतारच, आडवे अंतर R, म्हणून μmgR. मीही असेच म्हणालो होतो, आणि विद्यार्थी असताना नव्हे, चांगला कामाधंद्याला लागल्यावर. ते पुढे सांगतो.

या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. दोन सरळ उतारांच्या सांध्यावर ठोकळ्याची दिशा बदलते, आणि दिशा बदलायला बल लागते. वळणावर तर तो प्रत्येक क्षणी दिशा बदलत असतो. ते बल येणार कुठून? पृष्ठभागाकडूनच. म्हणजे लंब प्रतिक्रिया फक्त वजन पेलत नाही, ती ठोकळ्याला वळवतेही.

नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभे राहिला असाल तर हे अंगाने माहीत आहे. झोका वरच्या टोकाला असताना हलके वाटते, आणि खालून सुसाट जाताना गुडघे वाकतात, दोर करकरतो. दोर तुटलाच तर तो तळाशी तुटतो, कारण तिथे त्याला तुमचे वजनही पेलायचे असते आणि तुम्हाला गोलाकार वळवायचेही असते. तुमच्या मॉडेलमध्ये दोराच्या जागी सनमायका आहे, एवढाच फरक. आणि सनमायकावर जितका दाब, तितके घर्षण.

वरच्या टोकापासून ठोकळा θ कोनातून खाली आला असेल (वर शून्य, तळाशी ९० अंश), तर

N = mg sinθ + mv²/R

लंब प्रतिक्रिया स्वतः काही काम करत नाही, कारण ती नेहमी हालचालीला काटकोनात असते. बेरजेत तिचे पद शून्य म्हणून आपण तिला विसरून जातो. पण घर्षण तिच्यावरच पोसले जाते. तुमच्या μmgR मध्ये या सूत्रातला फक्त पहिला भाग आला आहे, mv²/R चा भाग पूर्ण राहिला. ठोकळा मुंगीच्या गतीने उतरला असता तर तुमचे उत्तर बरोबर आले असते.

आता अडचण अशी की दुसऱ्या भागाला वेग हवा, वेग काढायला घर्षणाचे काम हवे, आणि त्या कामाला पुन्हा वेग हवा. साप स्वतःचीच शेपटी गिळतो आहे. म्हणूनच बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या पेपरात वळण बहुधा गुळगुळीत असते आणि फक्त सपाट भाग खडबडीत. नाहीतर तळाशी असलेला वेग सरळ देऊन टाकतात आणि घर्षणाचे काम उलटे काढायला लावतात. वळणच खडबडीत करून μ दिला तर गणित त्या वर्गाच्या आवाक्याबाहेर जाते. तुम्ही नकळत तेच गणित लाकडात बांधले आहे.

आवाक्याबाहेर म्हटले तरी ते फार अवघड नाही. नेमके उत्तर काढण्याआधी ते कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असणार हे बघू. तुमची एकूण पुंजी mgR, म्हणजे २ गुणिले ९.८ गुणिले ०.८, १५.६८ ज्यूल. वेगाचा भाग अजिबात धरला नाही तर वळणावरचा खर्च μmgR, म्हणजे ३.१४ ज्यूल. हा कमीत कमी. जास्तीत जास्त किती? घर्षणच नाही असे समजून वेग काढा. v² येतो 2gR sinθ, म्हणजे mv²/R होते 2mg sinθ, आणि N होते 3mg sinθ. खर्च येतो 3μmgR, ९.४१ ज्यूल. प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग याहून कमी असतो, म्हणून खर्चही याहून कमीच. खरा आकडा ३.१४ आणि ९.४१ च्या मधे कुठेतरी. तुम्ही तळाची कड पकडून बसला होतात.

नेमका आकडा वहीवर काढायचा तर पाव वर्तुळाचे ३० अंशांचे तीन तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात तीन गोष्टी: गुरुत्वाने दिलेले काम, वजनामुळे झालेल्या घर्षणाचे काम, आणि वळण्यामुळे झालेल्या घर्षणाचे काम. तिसऱ्या गोष्टीत एक गंमत आहे. गतिज ऊर्जेला K म्हणा. mv²/R म्हणजे 2K/R. तुकड्याची लांबी R गुणिले कोन. गुणाकारात R कटतो आणि उरते 2μ गुणिले K गुणिले कोन (रेडियनमध्ये). तुमच्या μ साठी ३० अंशांच्या तुकड्यात हा आकडा ०.२०९ येतो. म्हणजे त्या तुकड्यात ठोकळ्याची सरासरी जितकी गतिज ऊर्जा, तिच्या जवळजवळ २१ टक्के फक्त वळण्यात जाते.

पहिल्या ३० अंशांत ठोकळा निम्मी उंची उतरतो, गुरुत्व ७.८४ ज्यूल देते. वजनाचे घर्षण फक्त ०.४२ घेते, कारण तिथे पृष्ठभाग जवळजवळ उभा आहे. वळण्याचे घर्षण ०.७० घेते. हातात राहतात ६.७२. (सरासरी K काढायला तुकड्याच्या शेवटचा K लागतो, तो अजून माहीत नसतो. एका अज्ञाताचे साधे समीकरण मांडले की सुटतो.) दुसऱ्या तुकड्यात ५.७४ मिळाले, वजनाच्या घर्षणात १.१५ गेले, वळण्यात १.७१ गेले. हातात ९.६०. तिसऱ्या तुकड्यात गुरुत्वाने दिले जेमतेम २.१०, वजनाने घेतले १.५७, वळण्याने घेतले १.८७. हातात ८.२६.

तिसऱ्या तुकड्याकडे पुन्हा बघा. ९.६० घेऊन आत गेलेला ठोकळा ८.२६ घेऊन बाहेर पडला. खाली उतरतानाच तो मंदावला! तळाशी वेग सर्वात जास्त असतो हे आपण इतके गृहीत धरतो की मला पहिल्यांदा माझेच गणित चुकले असे वाटले होते. पण तळाजवळ उतार संपत आलेला असतो, गुरुत्वाचा ओढ देणारा घटक कमी होत जातो, आणि त्याच वेळी दाब शिगेला पोचलेला असतो. तुमच्या मॉडेलमध्ये ठोकळा सर्वात वेगवान असतो सुमारे ६५ अंशांवर, म्हणजे तळाच्या २५ अंश आधी. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतलात तर हे दिसू शकेल, मात्र फरक डोळ्यात भरण्याइतका मोठा नाही हे लक्षात ठेवा.

तीन तुकड्यांऐवजी समीकरण पूर्ण सोडवले (विकलक समीकरण पहिल्या कोटीचे आहे, पुढच्या सत्रात शिकाल), तर तळाची गतिज ऊर्जा अशी येते:

K = mgR (1 − 2μ² − 3μ e^(−πμ)) / (1 + 4μ²)

तुमचे आकडे घातले की ८.११ ज्यूल. तीन तुकड्यांच्या हातगणिताने ८.२६ आले होते, दोन टक्क्यांचाही फरक नाही. वळणावरचा खर्च ७.५७ ज्यूल, म्हणजे पुंजीच्या ४८ टक्के. तुम्ही धरला होता २० टक्के.

या सूत्रात कंसाच्या आत ना वस्तुमान आहे ना त्रिज्या. खर्चाचा हिस्सा फक्त μ वर ठरतो. आणि μ सुमारे ०.६ झाला की कंस शून्य होतो, ठोकळा तळाशी येऊन तिथेच थांबतो, मग पाव वर्तुळ टेबलावर बसेल एवढे असो की दोन मजली असो.

त्रिज्येची ही गोष्ट मला पैसे घालून शिकावी लागली. मी सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे माल हलवण्याच्या घसरणी आणि कन्व्हेयर करतो. तासगावकडच्या एका शीतगृहासाठी बेदाण्याच्या पेट्यांची घसरण केली होती. वर ३५ अंशांचा सरळ उतार, खाली पत्रा वळवून सपाट, आणि शेवटी पेटी झेलायला स्प्रिंगचा बफर. मी हिशोब आडव्या अंतरावर केला, तुमच्यासारखाच. पेटी बफरच्या हातभर अलीकडे थांबायला लागली. मालक म्हणाले, पत्रा खरखरीत आहे. पत्रा घासला. थोडा फरक पडला, पण पेटी पोचेना. मग मला वाटले की वळण फार आवळ आहे, म्हणून दाब जास्त येतो. त्रिज्या जवळजवळ दुप्पट करून नवा पत्रा वळवून आणला. पेटी पुन्हा तिथेच.

का, ते वरच्या हिशोबात आहे. त्रिज्या दुप्पट केली की दाब निम्मा होतो, पण वळणाची लांबी दुप्पट होते. काम तेवढेच. वेगात आलेली वस्तू φ कोनातून वळली तर फक्त वळण्यामुळे तिची गतिज ऊर्जा e^(−2μφ) पट उरते, मग वळण सायकलच्या चाकाएवढे असो की विहिरीच्या काठाएवढे. माझ्या पेट्यांसाठी μ सुमारे ०.३ होता. ३५ अंश म्हणजे ०.६१ रेडियन. उरते ६९ टक्के, म्हणजे आलेल्या ऊर्जेतला जवळजवळ तिसरा हिस्सा वळणावरच सांडतो. शेवटी त्या वळणावर रोलर बसवले आणि पेट्या पोचल्या.

खरे तर तिथल्या हमालांपैकी एका पोराने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "साहेब, पेटी खाली वळताना आवाज बदलतो." मी लक्ष दिले नाही. तुम्ही द्या. खोलीत शांतता असताना ठोकळा सोडा. तळाजवळ घासण्याचा आवाज जड होईल आणि सपाट भागावर आल्याबरोबर एकदम हलका होईल. तो भास नव्हे. तुमच्या आकड्यांप्रमाणे वळणाच्या अगदी शेवटच्या बिंदूला सनमायका ठोकळ्याला सुमारे ४० न्यूटनने ढकलते, आणि केसभर पुढे सपाट भागावर फक्त १९.६ न्यूटनने. घर्षण ८ वरून एका झटक्यात ४ न्यूटनवर येते. सनमायकावर चरे पडले असतील तर तेही वळणाच्या खालच्या तिसऱ्या भागात जास्त दिसतील.

आता पुढचा भाग. तो तुम्ही बरोबर केला आहे, म्हणून भरभर जातो. सपाट १ मीटरवर वजनाचेच घर्षण, ३.९२ ज्यूल. ८.११ मधून ते गेले, ४.१९ उरले. स्प्रिंग दबत असतानाही ठोकळा घासतच असतो, म्हणून

½kx² + μmgx = 4.19

यातून x येतो ०.१३५ मीटर, १३.५ सेंमी. तुम्ही मोजलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला. μmgx हे पद बरेच जण विसरतात. तुम्ही विसरला नाहीत हे मला तुमच्या १९.८ वरून कळले, कारण विसरला असतात तर २०.८ आले असते.

१३.५ ऐवजी कधी १३ येते, त्याची कारणे तुमच्या बांधणीवर अवलंबून आहेत आणि ती मला इथून दिसत नाहीत. स्प्रिंगच्या तोंडावर ठोकळा आदळायला एखादी पट्टी किंवा चकती लावली आहे का? लावली असेल तर ठोकळा तिला धडकतो आणि दोघे एकत्र पुढे जातात, त्या धडकेत थोडी ऊर्जा जाते. चकती १०० ग्रॅमची असेल तर जवळजवळ ५ टक्के, आणि दाब १३.२ वर येतो. स्प्रिंग सरळ राहावी म्हणून नळीत बसवली असेल तर नळीला घासण्याचा खर्च वेगळा. वळण आणि सपाट भाग जिथे जुळतात तिथे नख फिरवून बघा. नख अडकले तर ठोकळाही अडकतो. आणि ८० सेंमी मी ठोकळ्याच्या गुरुत्वमध्याच्या वाटेची त्रिज्या धरली आहे. तुम्ही ती सनमायकापर्यंत मोजली असेल आणि ठोकळ्याचा मध्य पृष्ठभागापासून अडीच सेंमी वर असेल, तर पुंजी आधीच ३ टक्क्यांनी कमी आहे.

यापेक्षा मोठी शंका मला तुमच्या ०.२ ची आहे. तो कसा मोजला ते तुम्ही लिहिलेले नाही. फळी हळूहळू तिरपी करत ठोकळा सुटतो तो कोन घेतला असेल, तर मिळाला तो स्थितिक घर्षणाचा गुणांक, आणि तो सहसा गतिज घर्षणापेक्षा जास्त असतो. गतिज हवा असेल तर फळी तिरपी करत प्रत्येक वेळी ठोकळ्याला बोटाने हलकी टिचकी मारायची आणि तो वेग न वाढवता, न थांबता एकसारखा घसरत राहील तो कोन शोधायचा. ०.२ साठी तो ११ अंशांच्या थोडा पुढे असतो. मात्र याने सपाट सनमायकाचा गुणांक कळतो. वळवून चिकटवलेल्या सनमायकाचा तोच असेल याची खात्री नाही, चिकटवताना फुगवटे राहतात.

म्हणून या सगळ्याला वळसा घालणारी एक रीत सांगतो. तुमच्या मॉडेलमध्ये ती फुकटात होते. ठोकळा स्प्रिंग दाबून थांबला की तिथे अडकून राहत नाही. त्या क्षणी स्प्रिंग ५४ न्यूटनने मागे ढकलत असते आणि घर्षण फार तर पाचसहा न्यूटनने अडवू शकते. तो परत येतो, स्प्रिंगला सोडतो आणि सपाट भागावर कुठेतरी थांबतो. स्प्रिंगच्या मोकळ्या टोकापासून तो किती अंतरावर थांबला ते मोजा. त्याला s म्हणू. पूर्ण दाबापासून थांबण्यापर्यंत सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे वेग शून्य, म्हणजे गतिज ऊर्जेत बदल शून्य. स्प्रिंगने दिलेले सगळे घर्षणाने खाल्ले:

½kx² = μmg(x + s)

यात वळण कुठेच नाही. x आणि s मोजले की सपाट भागाचा μ मिळतो, तोही खरा, घसरताना असणारा. ०.२ बरोबर असेल तर ठोकळा स्प्रिंगपासून ८० सेंमीवर, म्हणजे वळणाच्या पायथ्याच्या २० सेंमी अलीकडे थांबायला हवा. x तेवढाच असताना तो ७० सेंमीवरच थांबला, तर μ ०.२२ आहे.

तो μ हातात आला की वळणाचा खर्च नुसत्या वजाबाकीने काढा. १५.६८ मधून सपाट भागावरचे आणि स्प्रिंगखालचे घर्षण वजा करा, मग ½kx² वजा करा. जे उरेल ते वळणाने घेतले. ०.२ आणि १३.५ धरले तर ४.४५ आणि ३.६६ जाऊन ७.५७ उरतात. इथे μ दुसऱ्या, स्वतंत्र मोजमापातून आलेला असल्यामुळे हा वळणावरच्या घर्षणाचा खरा प्रयोग होतो. प्रदर्शनात परीक्षकांपुढे μmgR चा ३.१४ हा आकडा, मोजलेला आकडा आणि वरच्या सूत्राचा आकडा असे तीन शेजारी मांडा.

आकार थोडा बदलून बघायची हौस असेल तर एक सोपा बदल सुचवतो. वळण तसेच ठेवा आणि ठोकळा पूर्ण वरून न सोडता ३० अंशांवरून सोडा, म्हणजे उंची निम्मी, ४० सेंमी. वरचेच तुकड्यांचे गणित फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यासाठी करायचे, सुरुवातीचा K शून्य धरून. दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी ४.१६ ज्यूल येतील आणि तळाशी सुमारे ३.८५. आता सपाट भागाला लागतात ३.९२. म्हणजे ठोकळा स्प्रिंगच्या तोंडाशी येऊन, तिला शिवण्याआधी बोटभर अलीकडे थांबेल. μmgR च्या धर्तीवर मांडलेल्या तुमच्या जुन्या हिशोबाने मात्र त्याच्याकडे तळाशी ५.१२ ज्यूल असायला हवेत, आणि त्याने स्प्रिंग सात सेंमी दाबायला हवी. कोणता हिशोब खरा, हे इथे पट्टी न लावताही दिसते. सोडताना ठोकळा हाताने अजिबात ढकलला जाऊ नये एवढे सांभाळा. मागे दोरा बांधून तो काडीपेटीने जाळला तर सर्वात चांगले.